देऊन टाकलेल्या टीव्हीत मागे राहणारी खाती

नेटफ्लिक्स उघडलं की अर्धवट राहिलेल्या कार्यक्रमांची एक ओळ समोर येते. त्या ओळीत एके दिवशी लहान मुलांची एक कार्टून मालिका दिसू लागते. घरात लहान मूल कुणी नाही. चुकून लागली असेल म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. दोन दिवसांनी तीच मालिका पुढे सरकलेली असते, पाचव्या भागावरून सातव्यावर, आणि चित्राखालची ती लाल रेघ जेमतेम अर्ध्यावर थांबलेली असते, म्हणजे भाग संपायच्या आत कुणीतरी टीव्ही बंद केला आहे. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडतो. नवा टीव्ही आल्यावर जुना कुणाला तरी दिला होता. पुसून, केबल नीट गुंडाळून, रिमोटमध्ये नवे सेल घालून दिला होता. आतलं खातं मात्र तसंच राहिलं होतं.

जुन्या टीव्हीबरोबर आपला पासवर्ड बाहेर जाईल, आपल्या पैशांवर कुणी सिनेमे बघेल, एवढीच भीती साधारणपणे बोलून दाखवली जाते. मला त्याहून खटकते ती याची उलट बाजू. ज्यानं टीव्ही दिला, त्याला आता दुसऱ्या घरातलं मूल काय बघतं, किती वाजता बघतं, कुठे थांबतं, हे बसल्या जागी कळत राहतं. यूट्यूबच्या इतिहासात तर शोधलेले शब्दसुद्धा येतात. एखाद्या आजाराचं नाव, नोकरीच्या मुलाखतीची तयारी, कर्ज कसं फेडावं. टीव्ही घेणाऱ्यानं हे कुणाला सांगितलेलं नसतं, आणि देणाऱ्यालाही ते कळून घ्यायचं नसतं. कळल्यावर विचारायची चोरी, न विचारावं तर रोज नजरेला पडणार. दिलेली वस्तू मन मोकळं करून देता आली नाही, असं काहीसं वाटत राहतं.

म्हणून टीव्ही देण्याआधीचं काम दोन्ही घरांसाठी असतं, आणि ते नुसतं रीसेटचं बटण दाबून पुरं होत नाही.

ते का होत नाही, हे आधी पाहू. आपण टीव्हीवर एकदा लॉग इन करतो तेव्हा टीव्ही आपला पासवर्ड जपून ठेवत नाही. पासवर्ड बरोबर आहे एवढं पाहून त्या सेवेचा सर्व्हर टीव्हीला एक लांबलचक सांकेतिक मजकूर देतो, ज्याला टोकन म्हणतात. पुढच्या प्रत्येक वेळी टीव्ही तेवढं टोकन दाखवतो आणि आत शिरतो. म्हणूनच महिनोन् महिने पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. हे टोकन म्हणजे किल्ली धरली, तर रीसेट करणं म्हणजे टीव्हीकडची किल्ली फेकून देणं. सर्व्हरकडच्या वहीत मात्र ‘या टीव्हीला किल्ली दिली आहे’ अशी नोंद तशीच राहू शकते. ॲपमध्ये जाऊन Sign out केलं की ही गोष्ट सर्व्हरलाही कळते आणि तिकडची नोंद रद्द होते. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि क्रमानंच करायची: आधी प्रत्येक ॲपमधून बाहेर पडायचं, मग टीव्ही रीसेट करायचा, आणि शेवटी फोनवरून किंवा संगणकावरून खात्यातली उपकरणांची यादी तपासायची.

हा क्रम बिघडतो तो बहुतेकदा घर बदलताना. राउटर आधीच खोक्यात गेलेला असतो, टेम्पो दारात उभा असतो आणि मग कुणाला तरी आठवतं की टीव्ही साफ करायचा राहिला. इंटरनेट नसलेल्या टीव्हीवर ॲप सर्व्हरपर्यंत पोचूच शकत नाही. कित्येक ॲप तर उघडतच नाहीत, नुसतं गोल फिरत राहतं आणि मग जोडणीत अडचण असल्याचा संदेश येतो. अशा वेळी थेट रीसेट केला जातो. टीव्ही रिकामा दिसतो, पण यादीत तो जिवंतच असतो. तेव्हा राउटर काढण्याआधीची संध्याकाळ या कामाला द्यावी. तेवढं जमलंच नाही, तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही त्यावर जोडावा. साइन आउट करायला लागणारा डेटा अगदी किरकोळ असतो.

आता एक उदाहरण घेऊन सगळं क्रमानं करू. समजा सॅमसंगचा टीव्ही आहे आणि त्यावर नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, यूट्यूब आणि स्पॉटिफाय अशी चार खाती आहेत. सॅमसंगच घेण्याचं कारण असं की रीसेटच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज तिथे होतात.

नेटफ्लिक्सपासून सुरुवात करू. मेनूत Get Help असतं, त्यात Sign out. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे प्रोफाइल बदलण्यालाच साइन आउट समजणं. ‘कोण बघतंय?’ असं विचारणारा चेहऱ्यांचा पडदा आला की माणसाला वाटतं, आपण बाहेर पडलो. ते चेहरे दिसतायत, म्हणजेच आपण अजून खात्याच्या आत आहोत. बाहेर पडल्याची खूण वेगळी आहे: चेहरे गायब होतात आणि नवीन माणसाला साइन इन करायला सांगणारा पडदा येतो. ॲप अडकलं आणि मेनूपर्यंत जाताच येत नसेल, तर रिमोटच्या बाणांनी एक क्रम दाबायचा असतो: वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा, आणि मग चार वेळा वर. त्यानं एक छोटा पडदा उघडतो, त्यात Sign out किंवा Deactivate असा पर्याय मिळतो. बाण सलग आणि एका लयीत दाबावे लागतात. मध्ये थबकलं की पुन्हा पहिल्यापासून.

प्राइम व्हिडिओत सेटिंगमध्येच बाहेर पडायची सोय आहे, त्यात फार खोलात जायला नको. यूट्यूबला मात्र थोडं थांबावं लागतं. त्यात खात्याच्या चिन्हावर गेल्यावर साइन आउट आणि खातं काढून टाकणं असे दोन वेगळे पर्याय मिळतात. नुसतं साइन आउट केलं तर नाव आणि फोटो निवडीच्या पडद्यावर राहू शकतात, म्हणून खातं काढून टाकणारा पर्यायच घ्यावा. शिवाय तिथे आपलं एकट्याचंच खातं असेल असं धरून चालू नये. सुट्टीत आलेल्या भाच्यानं स्वतःचं खातं जोडलेलं असतं, कुणा पाहुण्यानं एखादं गाणं दाखवायला लॉग इन केलेलं असतं आणि ते सगळे तिथे नांदत असतात. त्यांना तर आठवतही नसतं. त्यांची खाती काढणं ही टीव्ही देणाऱ्याचीच जबाबदारी आहे, कारण दुसरं कुणी ते करणार नाही.

चारही ॲपमधून बाहेर पडलो की टीव्हीकडे वळायचं. सॅमसंगच्या सेटिंगमध्ये General किंवा नव्या मॉडेलवर General & Privacy असतं, त्याच्या तळाशी Reset. ते दाबलं की पिन मागतो. तो कधी बदललेला नसेल तर 0000. मुलांसाठी कुलूप लावताना बदलला असेल तर आधी तो आठवून ठेवायला हवा, नाहीतर काम इथेच अडतं. पिन दिला की टीव्ही काळा होतो, पुन्हा सुरू होतो, आणि सगळं झालं असं वाटतं. पण सॅमसंगच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे की हा रीसेट इंटरनेट आणि नेटवर्कच्या सेटिंग सोडून बाकीच्या सेटिंग मूळपदावर आणतो. म्हणजे घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड टीव्हीत राहू शकतो. दुसऱ्या गावी गेलेल्या टीव्हीत तो राहिला तर फारसं बिघडत नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला दिला असेल, तर टीव्ही लावल्या लावल्या तो निमूटपणे देणाऱ्याच्या वायफायवर जाऊन बसतो. घेणाऱ्याला वाटतं, किती छान, आपोआप चालू झाला.

म्हणून सॅमसंगवर तीन वेगळे रीसेट करावे, आणि माझ्या मते ते याच क्रमानं करावे. पहिला Smart Hub चा, म्हणजे सॅमसंगच्या ॲपच्या पडद्याचा: Support, त्यात Device Care, त्यात Self Diagnosis, त्यात Reset Smart Hub. जुन्या मॉडेलांवर मधली Device Care ही पायरी नसते. यानं सॅमसंगचं खातं आणि त्याला जोडलेली माहिती निघते. दुसरा Network खालचा Reset Network, जो वायफाय विसरायला लावतो. आणि तिसरा तो मघाचा मोठा Reset. क्रम असा का, तर वायफाय आधी काढलं आणि मग एखादं खातं राहिल्याचं लक्षात आलं, तर पुन्हा पासवर्ड टाइप करत बसावं लागतं. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत मोठा पासवर्ड टाकण्याचा कंटाळा माणसाला ‘जाऊ दे’ म्हणायला लावतो, आणि खाती मागे राहतात ती बरीचशी या कंटाळ्यापायी.

गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीवर हे काम सरळ आहे. Settings, System, About, आणि त्यात Factory reset. काही मॉडेलांवर मध्ये Reset नावाची एक पायरी जास्त असते. शेवटी सगळं पुसू का, असं विचारतो. इथे ॲप, खाती आणि वायफाय सगळंच जातं. एलजीवर General खाली Reset to Initial Settings शोधावं. पुसणं चालू असताना काही मिनिटं पडदा काळा राहतो, मधूनच कंपनीचं चिन्ह येतं आणि जातं. टीव्ही अडकला असं समजून याच वेळी लोक प्लग काढतात, आणि अर्धवट पुसलेला टीव्ही पुढे चिन्हाच्याही पलीकडे जात नाही अशी पाळी येऊ शकते. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकावा आणि त्याला त्याचं काम करू द्यावं. टीव्हीला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती मात्र आधीच काढून घ्यावी. तिच्यावरचे घरचे फोटो या रीसेटनं पुसले जातील असं समजू नये.

सगळं झाल्यावर भाषा निवडायला सांगणारा पडदा येतो. तिथेच थांबायचं.

हे सांगावं लागतं, कारण हात पुढे जातो. भाषा निवडून होते, मग देश, मग वायफाय, आणि ‘एकदा चालतोय का ते बघू’ म्हणत माणूस गूगलचं खातंही भरून मोकळा होतो. नीट साफ केलेला टीव्ही पाच मिनिटांत पुन्हा होता तसा. चालतो की नाही हे पाहायला भाषेचा पडदा पुरेसा आहे: रंग दिसतात, रिमोटचे बाण चालतात, आवाज येतो. त्याच पडद्यावर असताना टीव्ही बंद करून प्लग काढावा. घेणाऱ्यानं तो पहिल्यांदा लावला की त्याला तोच पडदा दिसला पाहिजे. एका अर्थी तीच पावती. सॅमसंगवर वायफायच्या पायरीपर्यंत जाऊन आपल्या घरचं नाव ‘जोडलेलं’ म्हणून दिसतंय का एवढं पाहायला हरकत नाही. दिसलं, तर नेटवर्कचा रीसेट राहिला.

आता शेवटचा टप्पा, जो जवळजवळ कुणीच करत नाही. फोनवर किंवा संगणकावर नेटफ्लिक्सच्या खात्यात Manage access and devices नावाची यादी असते. तिथे कोणत्या उपकरणावर, कोणत्या प्रोफाइलनं, शेवटचं कधी पाहिलं हे दिसतं. प्राइम व्हिडिओत तशीच यादी Your Devices या नावानं आहे आणि तिथे Deregister करता येतं. या याद्यांची अडचण अशी की नावांवरून काही बोध होत नाही. एकाच कंपनीचे दोन टीव्ही घरात असले तर दोन्हींची नावं थोड्याफार फरकानं सारखीच. कुठलं काढायचं? यावर एक साधा उपाय आहे, पण तो रीसेटच्या आधीच करता येतो. जो टीव्ही द्यायचा आहे त्यावर साइन आउट करण्यापूर्वी काहीतरी मिनिटभर चालवायचं आणि दुसऱ्या टीव्हीला त्या दिवशी हात लावायचा नाही. यादीत सगळ्यात ताजी तारीख ज्या नावापुढे येईल, तो आपला टीव्ही. ते नाव कागदावर लिहून ठेवावं. साइन आउट केल्यावर ते नाव यादीतून गेलं का, एवढंच मग पाहायचं. राहिलं असेल तर तिथूनच काढावं.

यूट्यूबच्या बाबतीत ही यादी चकवते. सॅमसंग किंवा एलजीच्या टीव्हीवर यूट्यूब जोडताना आपण फोनवर एक छोटा कोड टाकलेला असतो. अशा टीव्हीला गूगल ‘उपकरण’ न मानता ‘परवानगी दिलेलं ॲप’ मानू शकतं. त्यामुळे गूगल खात्याच्या उपकरणांच्या यादीत टीव्ही सापडला नाही, की माणूस निर्धास्त होतो. शोधायची जागा दुसरी आहे: myaccount.google.com/permissions. तिथे YouTube on TV या नावाची नोंद दिसते. ती काढली की कोड टाकून जोडलेले सगळे टीव्ही एकदम सुटतात, नवा टीव्हीसुद्धा, आणि तो पुन्हा जोडावा लागतो. स्पॉटिफायचंही असंच काहीसं आहे. सगळीकडून साइन आउट करणारं बटण दाबलं तरी स्पीकर, गेमिंग कन्सोल आणि टीव्ही त्यातून सुटतात. त्यांची परवानगी जोडलेल्या ॲपच्या पानावर जाऊन वेगळी काढावी लागते.

‘पासवर्डच बदलून टाकू, म्हणजे झालं’ हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. तो चुकीचा आहे असं नाही. नेटफ्लिक्सवर पासवर्ड बदलताना सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय मिळतो आणि तो कामाचा आहे. पण गूगलचा पासवर्ड बदलल्यावर काही अपवाद राहतात, हे गूगलच सांगतं: परवानगी दिलेली बाहेरची ॲप असलेली काही उपकरणं आणि घरातली काही मदतनीस उपकरणं जोडलेलीच राहू शकतात. म्हणजे ज्या टीव्हीसाठी हा सगळा खटाटोप केला, नेमका तोच निसटू शकतो. पासवर्ड बदलण्याचा शीण घ्यायचा, घरातल्या चौघांना नवा पासवर्ड कळवायचा, आणि तरी टीव्ही आतच.

फोनमध्येही एक उरलेलं असतं. SmartThings किंवा Google Home या ॲपमध्ये ‘हॉलचा टीव्ही’ म्हणून तो अजून दिसत असतो. तिथून तो काढावा. फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवताना चुकीच्या नावावर बोट पडू नये म्हणून तरी.

टीव्ही आधीच देऊन झाला असेल, तर वरच्यापैकी अर्धं काम हातातून गेलेलं असतं, पण महत्त्वाचं अर्धं अजून आपल्याकडे असतं, कारण सर्व्हरची वही आपल्या फोनवरून उघडते. नेटफ्लिक्सचे आता घरगुती वापराचे नियम आहेत, त्यामुळे दुसऱ्या घरातल्या टीव्हीला ते मधूनच अडवू शकतं आणि खातेधारकाच्या ईमेलवर पडताळणीचा कोड पाठवू शकतं. अनपेक्षितपणे असा कोड आला तर तो देण्याऐवजी उपकरणांच्या यादीत जावं. यादीतून टीव्ही काढावा, यूट्यूब आणि स्पॉटिफायच्या परवानग्या काढाव्या, आणि टीव्ही जवळपासच असेल तर वायफायचा पासवर्ड बदलावा. साइन आउट त्या टीव्हीवर लगेच दिसेलच असं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा पाहावी.

मात्र हे करण्याआधी त्या घरी एक फोन करावा. तिकडे कुणीतरी मालिकेच्या मधोमध असेल आणि अचानक साइन इन करा म्हणून पडदा आला, तर त्यांना वाटेल टीव्ही बिघडला, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपण रागावून काहीतरी बंद केलं. ‘आमची खाती त्यात राहिली होती, तुम्ही काय बघता ते आम्हाला दिसत होतं, आज रात्री काढतोय’ एवढं सरळ सांगावं. मधलं वाक्य सांगायला अवघड वाटतं, पण ते गाळू नये. त्यांचा इतके दिवसांचा इतिहास आपल्या खात्यात पडून आहे. नेटफ्लिक्सच्या खात्यात Viewing activity मध्ये जाऊन त्या नोंदी एकेक करून लपवता येतात, यूट्यूबच्या इतिहासातून पुसता येतात, आणि तेही आपणच करून द्यायला हवं. सोबत टीव्ही रीसेट करायची वाटही फोनवरच सांगावी, पिन काय ठेवला होता तेही सांगावं. घेणाऱ्याला स्वतःची खाती घालायला टीव्ही कोरा मिळेल.